टेल्को, टाटा मोटर्स आणि बारा अक्षरं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला आठवीत व्याज शिकवलं. फळ्यावर गणित मांडलं की ते मागं वळून विचारायचे, ‘‘आकडा कुणाचा, ते आधी सांग. मग किती ते सांग.’’ आजचा विषय त्या पहिल्या अर्ध्या वाक्याचा आहे. आकडा कुणाचा?

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आता मोबाइलवर शेअरची खाती आहेत. मुलं पुण्याला, हैदराबादला नोकरीला आहेत, त्यांनी उघडून दिली. त्या खात्यात कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात एक बारा अक्षरांची ओळ असते. तिला आयसिन म्हणतात. ती ओळ कुणी वाचत नाही. मीही वर्षानुवर्षं वाचत नव्हतो, आणि न वाचल्याचा फटका खाल्ला. तो किस्सा पुढं सांगतो.

आधी एक प्रश्न विचारतो. टाटा मोटर्स नावाची कंपनी कोणती?

हसू नका. प्रश्न सोपा वाटतो. टाटाची चारशे सात ज्यानं कापसानं भरून आदिलाबादला नेली असेल, तो म्हणेल, हा काय प्रश्न झाला? पण नीट ऐका. १९४५ साली एक कंपनी स्थापन झाली. नाव, टाटा लोकोमोटिव्ह अँड इंजिनिअरिंग कंपनी; १९६० साली शब्दांचा क्रम फिरला आणि ती टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी झाली. लोकोमोटिव्ह म्हणजे रेल्वेचं इंजिन. मीटरगेजवर चालणारी कोळशाची इंजिनं ही कंपनी बनवत होती. आपल्या मुदखेड-आदिलाबाद मार्गावर मीटरगेजची गाडी पाहिलेली मंडळी इथं आहेत, त्यांना तो धूर आठवेल. पुढं ट्रक आले, मोटारी आल्या, इंजिनं बंद झाली, पण नावातलं लोकोमोटिव्ह तसंच राहिलं. लोक कंपनीला टेल्को म्हणत. पिंपरीत काम करणारा माणूस ‘टाटा मोटर्समध्ये आहे’ असं कधी म्हणायचा नाही, ‘टेल्कोत आहे’ म्हणायचा. २००३ साली कंपनीनं नाव बदललं, टाटा मोटर्स झालं.

इथपर्यंत ठीक. नाव बदललं, कंपनी तीच.

पण ऑक्टोबर २०२५ मध्ये काय झालं? कंपनीचे दोन भाग झाले. मोटारींचा धंदा एका कंपनीत, ट्रक-बसचा धंदा दुसऱ्या कंपनीत. मोटारींचा धंदा जुन्या कंपनीतच राहिला, आणि त्या जुन्या कंपनीचं नाव झालं टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स. ट्रकचा धंदा एका नव्या कंपनीकडे गेला. त्या नव्या कंपनीनं त्याच महिनाअखेर कोणतं नाव घेतलं? टाटा मोटर्स!

म्हणजे आज टाटा मोटर्स या नावाची जी कंपनी आहे, ती १९४५ सालची टेल्को नाही. टेल्को ज्या कंपनीत जगते आहे, तिचं नाव टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स. गंमत अशी की ट्रकसाठी ओळखली गेलेली टेल्को आता कायद्यानं मोटारींची कंपनी आहे, आणि ट्रक ज्या कंपनीत आहेत तिला टेल्कोचा वारसा नावापुरता मिळाला.

आता मला सांगा, घरच्या कागदावर कुणी लिहून ठेवलं असेल, ‘टाटा मोटर्सचे पाचशे शेअर, थोरल्याला द्यावेत’, तर कोणते पाचशे? नावावरून हे सुटणार नाही. सुटेल ते त्या बारा अक्षरांनी.

आपल्या गावाकडे बघा. हे गाव आधी वाढोणा. जुने लोक अजून वाढोण्याचा परमेश्वर म्हणतात. नंतर हिमायतनगर झालं. आधी आपण हदगाव तालुक्यात होतो, मग स्वतःचा तालुका झाला. नाव बदललं, तालुका बदलला. तुमची जमीन हलली का? नाही. म्हणून तलाठ्याकडे गेल्यावर तो आधी नंबर विचारतो. ‘नाल्याकाठची दोन एकर’ सांगून सातबारा निघत नाही. आणि वाटणी झाली की पोटहिस्सा पडतो, नवा आकडा लागतो. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा जुना आकडा कुठल्या गटात गेला हे शोधत किती जण हेलपाटे घालत होते, ते तुम्हाला माहीत आहे. शेअरबाजारातही अगदी असंच असतं. नाव बदललं तर आकडा बदलत नाही. काही विशिष्ट गोष्टी घडल्या तरच बदलतो.

तो आकडा आता वाचू या. टेल्कोचा, म्हणजे त्या जुन्या कंपनीच्या साध्या शेअरचा आयसिन आहे INE155A01022. फळ्यावर लिहितो.

पहिली दोन अक्षरं IN, म्हणजे भारत. ही पद्धत जगभर एकच आहे. आंतरराष्ट्रीय मानक आहे, ६१६६ क्रमांकाचं, आणि त्यानुसार देशोदेशी नेमलेल्या संस्था हे क्रमांक देतात. आपल्याकडे कंपन्यांच्या रोख्यांना ते एनएसडीएल देते. म्हणजे डिमॅट आणणारी देशातली पहिली डिपॉझिटरी, १९९६ सालची. सरकारी रोख्यांचे क्रमांक रिझर्व्ह बँक देते.

तिसरं अक्षर E. हे रोखा काढणारा कोण आहे ते सांगतं. E म्हणजे कंपनी. म्युच्युअल फंडाच्या युनिटला इथं F असतो. तुमच्याकडे एखाद्या योजनेचा कागद असेल तर बघा, INF पासून सुरू होतो.

पुढची चार अक्षरं 155A. हीच कंपनीची ओळख. याचा नावाशी काही संबंध नाही. टाटाचा T नाही, मोटर्सचा M नाही. रांगेत उभं राहिल्यावर मिळणाऱ्या टोकनसारखा तो ओळीनं दिलेला आकडा आहे. रिलायन्सचा 002A आहे, इन्फोसिसचा 009A. आणि हाच त्याचा गुण आहे. नावावरून बनवलेला असता तर २००३ साली टेल्कोचा आकडा बदलावा लागला असता. परत २०२५ साली बदलावा लागला असता.

मग 01. ही रोख्याची जात. 01 म्हणजे इक्विटी, म्हणजे आपण ज्याला साधा शेअर म्हणतो तो. तिथं 07 किंवा 08 दिसलं तर तो कर्जरोखा समजावा, तुम्ही मालक नाही, सावकार आहात. 20 दिसलं तर तो शेअर नाहीच, हक्कभागाच्या वेळी थोडे दिवस खात्यात येणारा फक्त हक्क आहे. मुदत संपली की त्याची किंमत शून्य होते. साधा शेअर एका कंपनीचा बहुधा एकाच आयसिनचा असतो, पण कर्जरोख्यांचे अनेक असतात, कारण प्रत्येक मालिकेचं व्याज वेगळं, परतफेडीची तारीख वेगळी.

त्यानंतर 02. हा क्रम. म्हणजे याआधी एक 01 होता. तो कुठं गेला? त्याची गोष्ट लगेच येते.

आणि शेवटचा 2. हा आकडा पडताळणीचा. आधीच्या अकरांमधून तो काढला जातो. कसा, ते करूनच बघू, कारण या सभागृहात हिशेबाची माणसं आहेत. अक्षरांना आकडे द्यायचे. A म्हणजे दहा, B अकरा, असं Z पर्यंत पस्तीस. म्हणून I म्हणजे १८, N म्हणजे २३, E म्हणजे १४. सगळे आकडे सुटे करून ओळीत मांडायचे. मग उजवीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक दुप्पट करायचे. दुप्पट करून दोन अंकी आकडा आला तर त्याचे दोन अंक मिळवायचे, दहा आले तर एक. फळ्यावर जे मांडलं ते असं:

```
INE155A0102
1 8 2 3 1 4 1 5 5 1 0 0 1 0 2
2 8 4 3 2 4 2 5 1 1 0 0 2 0 4
```

खालच्या ओळीची बेरीज करा. अडतीस. पुढची दहाची पट चाळीस. चाळिसाला दोन कमी. म्हणून शेवटचा आकडा 2. झालं!

आता कुणी घाईत शून्य आणि एक यांची अदलाबदल केली, 0102 ऐवजी 1002 लिहिलं, तर बेरीज सदतीस येते, आणि शेवटी तीन हवा. पण लिहिला आहे दोन. संगणक तिथंच अडवतो. एक आकडा चुकला तर ही पद्धत हमखास पकडते. शेजारचे दोन आकडे उलटे झाले तर जवळजवळ नेहमी पकडते, फक्त शून्य आणि नऊ यांची जोडी तिच्या हातून निसटते.

म्हणजे आता चूक होणारच नाही, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

किस्सा सांगतो. माझ्या एका काकूंकडे या कंपनीचे १२० शेअर होते, दहा रुपये दर्शनी किमतीचे. २००८ साली कंपनीनं फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या. पैसा उभा करायला हक्कभाग काढला. दर सहा शेअरमागं एक साधा शेअर, आणि एक वेगळाच शेअर. त्याला डीव्हीआर म्हणत. त्याला मताचा अधिकार साध्याच्या एक दशांश, आणि त्याच्या बदल्यात लाभांशाचा दर पाच टक्केबिंदूंनी जास्त. काकूंनी दोन्ही घेतले. वीस साधे, वीस डीव्हीआर. साधे झाले १४०.

सप्टेंबर २०११ मध्ये कंपनीनं दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच तुकडे केले. काकूंचे साधे १४० चे झाले ७००, डीव्हीआर वीसचे झाले शंभर. आणि त्या वेळी आयसिन बदलले. साध्या शेअरचा INE155A01014 होता, तो झाला INE155A01022. मघाशी विचारलं ना, 01 कुठं गेला? इथं गेला. दर्शनी किंमत बदलली म्हणजे शेअर वेगळा झाला. जुना आकडा बंद, त्यातले सगळे शेअर पाचपट होऊन नव्या आकड्याखाली. बोनस दिला असता तर आकडा बदलला नसता, कारण बोनसचा शेअर हुबेहूब जुन्यासारखाच असतो, त्याच ढिगात मिसळतो.

आणि डीव्हीआरचा आयसिन होता IN9155A01020. बघा नीट. 155A तोच, कंपनी तीच. 01 तोच, इक्विटीच. फरक तिसऱ्या जागी, E ऐवजी 9. ही खूण अशा वेगळ्या शेअरची. ज्या शेअरचे पैसे अजून पूर्ण भरलेले नाहीत, त्यांनाही हाच 9 मिळतो. टाटा स्टीलच्या, एअरटेलच्या अर्धवट भरलेल्या शेअरना तो होता. आपल्याकडे ठिबकच्या नळ्यांवर ज्यांचं नाव असतं त्या जळगावच्या जैन इरिगेशननंही डीव्हीआर काढले होते, त्यांनाही तो 9 आहे.

पुढं काकूंना मुलीला शंभर शेअर बक्षीस द्यायचे होते. त्यासाठी डिमॅटच्या चेकबुकासारखी एक चिठ्ठी असते, डिलिव्हरी स्लिप. तिच्यावर आयसिन लिहायचा, संख्या लिहायची, सही करायची. मी वाणिज्य शिकवणारा माणूस, मीच भरली. यादीवरून आकडा उतरवला आणि ओळ चुकली. IN9155A01020 लिहिला. आता बघा हं, पडताळणीचा आकडा बरोबर होता, कारण तो आयसिन खराच होता. कंपनी बरोबर होती. संख्या शंभर, आणि काकूंकडे डीव्हीआर बरोबर शंभरच! एक जरी कमी असता तर चिठ्ठी परत आली असती. ती आली नाही. दोन दिवसांत सगळे डीव्हीआर मुलीच्या खात्यात. त्या काळात डीव्हीआरचा भाव साध्या शेअरच्या जवळपास निम्मा असायचा. जावयानं भाव बघितला आणि सासूबाईंनी हात आखडता घेतला असं त्याला वाटलं. काकू मला अजून ऐकवतात. मुलीच्या सहीनं उलटी चिठ्ठी भरून ते परत आणले, मग साधे पाठवले.

सांगायचं काय, की शेवटचा आकडा लिहिण्यातली चूक पकडतो, निवडण्यातली पकडत नाही. तो आकडा खरा आहे का, एवढंच तो सांगतो. तुम्हाला हवा असलेला तोच आहे का, ते तुम्हीच बघायचं. म्हणून मी आता चिठ्ठी भरताना एकदा आकडा वाचतो, आणि मग त्या आयसिनपुढं छापलेलं रोख्याचं पूर्ण वर्णन वाचतो. दोन्ही जुळले तरच सही.

त्या डीव्हीआरचं पुढं काय झालं, हेही सांगून टाकतो, कारण घरात जुनी यादी असेल तर ती पाहून गोंधळ होईल. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनं ते रद्द केले. दहा डीव्हीआरमागं सात साधे शेअर दिले. त्यामुळे IN9155A01020 हा आकडा आता कुणाच्याही खात्यात जिवंत दिसणार नाही. पण तो दुसऱ्या कुणाला दिलाही जाणार नाही. मेलेला आयसिन परत वापरत नाहीत. एका अर्थी गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीसारखं आहे. माणूस गेला म्हणून त्याचा क्रमांक नव्या बाळाला देत नाहीत.

आता ऑक्टोबर २०२५ कडे परत येऊ. चौदा ऑक्टोबर ही नोंदीची तारीख होती. त्या दिवशी ज्याच्याकडे जुन्या कंपनीचा एक शेअर, त्याला नव्या ट्रकवाल्या कंपनीचा एक शेअर. तेरा तारखेला भाव साधारण ६६० रुपये होता. चौदाला सकाळी चारशेच्या आसपास उघडला. मला त्या सकाळी चार फोन आले. एक तर रडवेल्या आवाजात, ‘‘सर, टाटा मोटर्स चाळीस टक्के पडला!’’ पडला नव्हता. फाटा फुटला होता. त्या पडद्यावर INE155A01022 दिसत होता, म्हणजे जुनी कंपनी. पण आता त्या आकड्यामागं फक्त मोटारींचा धंदा होता. ट्रकचा धंदा दुसऱ्या आकड्यामागं गेला होता, आणि तो आकडा त्या दिवशी बाजारात नव्हताच.

तो दुसरा आकडा कोणता? INE1TAE01010. वाचून बघा. IN भारत, E कंपनी, 1TAE ही कंपनीची नवी ओळख. इथं तीन आकडे आणि एक अक्षर ही जुनी घडण राहिली नाही, अक्षरं जास्त आली, कारण जुन्या घडणीतले क्रमांक संपत आले. आणि त्यातल्या TA वरून टाटा वाचू नका, तो मोह मलाही झाला होता. पुढं 01 इक्विटी, परत 01, म्हणजे पहिलाच, आणि शेवटी 0.

हे नवे शेअर लोकांच्या खात्यात आले, पण विकता येत नव्हते. बारा नोव्हेंबरला बाजारात नोंदणी झाली तेव्हा कुठं भाव दिसला. मधले चार आठवडे एकाच माणसाच्या खात्यात एका ओळीला भाव, दुसऱ्या ओळीला काहीच नाही, आणि नावं इतकी सारखी की कुठली कुठली हे ओळखायला आयसिनशिवाय उपाय नाही. बाजारातली सांकेतिक नावंही बदलली. आधी TATAMOTORS होतं, ते गेलं. जुन्या कंपनीचं झालं TMPV, नव्या कंपनीचं TMCV. म्हणजे संकेत बदलला, नाव बदललं, नाव दुसऱ्याकडे गेलं. INE155A01022 मात्र जागचा हलला नाही.

इथं एक शंका येईल. हा सांकेतिक शब्द आणि आयसिन यांत फरक काय? सांकेतिक शब्द बाजाराचा असतो. राष्ट्रीय शेअरबाजारात एक, मुंबई शेअरबाजारात या जुन्या कंपनीला 500570 असा आकडा. आयसिन बाजाराचा नसतो, शेअरचा असतो. म्हणून एका बाजारात घेतलेला शेअर दुसऱ्या बाजारात विकता येतो, खात्यात तो एकाच ओळीत पडलेला असतो. पण न्यूयॉर्कच्या बाजारात याच कंपनीच्या ज्या ठेवपावत्या २००४ पासून जानेवारी २०२३ पर्यंत होत्या, त्यांचा आयसिन US8765685024 असा होता. एका पावतीत पाच शेअर, आणि ती काढणारी परदेशातली बँक. पावती वेगळी, म्हणून आकडाही वेगळा, देशाची अक्षरंही वेगळी. तिच्यात 155A शोधू नका, नाही सापडणार.

नाव सारखं म्हणून काय होतं, त्याचा एक परदेशी किस्सा. २०२० साली करोनात सगळे झूमवर भेटू लागले. झूम नावाची दुसरीच एक छोटी, जवळजवळ निद्रिस्त कंपनी होती, तिचे शेअर लोकांनी झपाट्यानं घेतले. भाव इतका उडाला की अमेरिकेच्या नियंत्रकांना व्यवहार थांबवावे लागले. पैसे टाकणाऱ्यांतल्या बहुतेकांना दुसरंच झूम हवं होतं.

आता शेवटची गोष्ट, आणि ती तुमच्यापैकी एक-दोघांच्या घरची असू शकते. ट्रंकेत एक कागद सापडतो. टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, शंभर शेअर, प्रत्येकी दहा रुपये, आजोबांचं नाव. अशा कागदावर आयसिन शोधाल तर मिळणार नाही. जुन्या कागदावर फोलिओ क्रमांक असतो, आणि शेअरचे सुटे क्रमांक असतात, अमुकपासून तमुकपर्यंत. आयसिन त्या सुट्या क्रमांकांसारखा नाही. तो तुमच्या शेअरचा क्रमांक नाही, त्या जातीच्या सगळ्या शेअरचा आहे. डिमॅटमध्ये कुठला शेअर तुमचा हे विचारायची सोयच नाही, किती तुमचे एवढंच असतं. कोठारात ज्वारी टाकल्यावर आपले दाणे परत मागत नाही, पोती मागतो, तसं.

तर या कागदाचं आज काय झालं? चला, मोजू. नाव २००३ साली बदललं, त्यानं संख्येला धक्का नाही. मधले हक्कभाग आजोबांनी घेतले नाहीत असं धरू. २०११ साली शंभरचे पाचशे झाले, दोन रुपयांचे. तो हातातला दहा रुपयांचा कागद त्या दिवसापासून चालत नाही, त्याच्या जागी नवा काढलेला असतो. २०२५ साली त्या पाचशेसोबत ट्रकवाल्या कंपनीचे पाचशे आले. कागदधारकाला नवे शेअर कागदावर मिळत नाहीत, ते डिमॅट स्वरूपात वेगळे राखून ठेवले जातात आणि हक्क सिद्ध झाल्यावर मिळतात. म्हणजे कागदावर दिसतात शंभर, आणि शोधायचे आहेत दोन आयसिनखाली मिळून हजार. ज्याला दुसरा आकडा माहीत नाही तो पाचशेवर समाधान मानून घरी येतो.

आणखी एक अडचण. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. बुडत नाहीत, वारसाला परत मागता येतात, पण कागदपत्रांची रास लागते. कंपनीच्या निबंधकाकडे, म्हणजे शेअरचं दप्तर सांभाळणाऱ्या कचेरीकडे, फोलिओ क्रमांक देऊन आधी हेच विचारावं की शेअर अजून त्याच फोलिओत आहेत की निधीकडे गेले. आणि १ एप्रिल २०१९ पासून नोंदणीकृत कंपनीचे कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. वारसानं ते आपल्या नावावर घ्यावेत, डिमॅट करावेत, मगच विकावेत. अर्जात जिथं आयसिन मागतील तिथं आजचा लिहायचा. INE155A01014 लिहाल तर अर्ज परत येईल, तो आकडा २०११ सालीच बंद झाला.

आयसिन काय सांगत नाही, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या कुणी म्हणेल सरांनी आकड्याची हमी दिली. आकडा मिळाला म्हणून कंपनी चांगली, असं नाही. बुडालेल्या कंपन्यांनाही आयसिन आहेत. बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांनाही आहेत. ‘‘आमच्या शेअरला आयसिन आहे’’ असं सांगून गावोगाव बिननोंदणीचे शेअर विकणारे लोक फिरतात. ते खरंच सांगत असतात, आयसिन असतो. त्यांना विचारा, विकायचा झाला तर कुठल्या बाजारात विकू? तिथं ते चहा मागवतात.

आमचाही चहा आलेला दिसतो. तो वाटून होईपर्यंत एक गणित ठेवतो, गुरुजींची सवय. मघाशी जळगावच्या कंपनीच्या डीव्हीआरचा उल्लेख केला, त्याची पहिली अकरा अक्षरं फळ्यावर लिहितो: IN9175A0101. बारावं लिहीत नाही. I अठरा, N तेवीस, A दहा, उजवीकडून एकाआड एक दुप्पट. उत्तर आधी ज्याचं येईल त्यानं हात वर करावा.